कोकम सिरप वर्षभर टिकवायचं तर पाण्याचा हिशेब ठेवा

प्रश्न: आम्ही कुडाळजवळ राहतो. घरची रातांब्याची आणि हापूसची झाडं आहेत. गेल्या मे-जूनमध्ये बचत गटातल्या चौघीजणींनी मिळून कोकम सिरप केलं. सालीच्या दीडपट साखर घातली, आठ दिवस बरणीत ठेवलं, गाळून बाटल्या भरल्या. जूनपर्यंत छान होतं. ऑगस्टमध्ये काही बाटल्या फुगल्या, झाकण उघडताना फस्स आवाज यायला लागला आणि उरलेल्यांचा रंग दिवाळीपर्यंत विटकरी झाला. यंदा कोकम सिरपबरोबर आंब्याचा पल्प आणि आंबापोळीही करून वर्षभर विकायचा विचार आहे. आमचं नेमकं कुठे चुकलं आणि काय बदलावं?

उत्तर:

ताई, तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. बाटल्या फुगल्या त्या सिरपमध्ये पाणी जास्त राहिल्यामुळे. रंग गेला तो उष्णता, उजेड आणि हवा यांच्यामुळे. मी आज कोकमाबद्दलच सविस्तर लिहिते. पल्प आणि पोळीचं शेवटी थोडक्यात सांगेन, कारण तिन्ही पदार्थ टिकण्याची तत्त्वं निराळी आहेत आणि एकाच हंगामात तिन्ही सुरू करू नयेत असं माझं मत आहे.

आधी दीडपट साखरेचा हिशेब करू. कोकम सिरपमध्ये आपण वरून पाणी घालत नाही. साखर सालीतलं पाणी ओढून घेते आणि त्याच पाण्यात विरघळते. म्हणजे सिरप किती घट्ट होणार हे सालीत किती पाणी आहे आणि साखर किती घातली या दोनच गोष्टींवर ठरतं. ताज्या सालीत ढोबळमानाने ८० ते ८५ टक्के पाणी असतं. ५० किलो साल घेतली तर त्यात ४२ किलो पाणी धरा, आणि आंबटपणा वगैरे विरघळणारे पदार्थ चारेक किलो. तुमच्यासारखी दीडपट, म्हणजे ७५ किलो साखर घातली तर विरघळलेला ऐवज ७९ किलो आणि पाणी ४२ किलो होतं. १२१ किलोत ७९, म्हणजे ६५ टक्क्यांच्या आसपास. फळांच्या सिरपसाठी आपल्या अन्नसुरक्षा नियमांत विद्राव्य घटकांची किमान मर्यादा ६५ टक्के आहे. टिकण्याच्या दृष्टीनेही साधारण तिथेच सीमारेषा आहे. तुम्ही बरोबर रेषेवर उभ्या होता.

आता त्यात धुतलेल्या सालीला चिकटलेलं किंवा पावसात भिजलेल्या फळाने शोषलेलं फक्त चार लिटर पाणी मिळवा. आकडा लगेच ६३ वर येतो. इतक्या साखरेतही वाढणारं यीस्ट असतं. ते सावकाश वाढतं, म्हणून जूनमध्ये काही दिसत नाही आणि ऑगस्टमध्ये बाटली फुगते. तुमची सुरुवातीची बाटली चांगली राहिली आणि नंतरची बिघडली, याचा अर्थ पाककृती बरोबर होती असा होत नाही. काही बरण्यांत पाणी थोडं कमी होतं, एवढाच त्याचा अर्थ.

दुप्पट साखर घातली तर काय होतं तेही पाहा. ५० किलो सालीला १०० किलो साखर. ऐवज १०४ किलो, पाणी ४२ किलो, म्हणजे ७१ टक्के. चार लिटर पाणी चुकून आलं तरी ६९ च्या वर राहतं. आमच्याकडे एकास दोन हे प्रमाण वापरतात ते गोडीसाठी नाही. चुकून येणाऱ्या पाण्यासाठी ती राखीव जागा आहे. कोणी म्हणेल की एवढी साखर खाली गोठून बसेल. साध्या पाण्यात खोलीच्या तापमानाला साखर ६७ टक्क्यांच्या पुढे विरघळून राहत नाही हे खरं आहे. पण कोकम इतकं आंबट असतं की त्या आम्लात साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि त्या मिश्रणाचे खडे सहज धरत नाहीत. म्हणून कोकम सिरप ७० च्या वर गेलं तरी पातळ आणि नितळ राहतं. थंडीत एखाद्या बाटलीच्या तळाशी बारीक कणी दिसली तर तो बिघाड नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवली की कणी विरघळते.

आता फळाकडे येऊ. रातांबे एकदम पिकत नाहीत. एकाच झाडावर एप्रिलपासून जूनपर्यंत पिकत राहतात, आणि मिरग लागला की उरलेलं सगळं पाण्याखाली जातं. सिरपसाठी फक्त मिरगाआधीचं फळ घ्या. वळवाची जोराची सर आली तर त्यानंतरचे एक-दोन दिवस फळ काढू नका, आणि जमिनीवर पडून साल फुटलेलं फळ या कामाला कधीच घेऊ नका. फुटलेल्या सालीतून यीस्ट आत गेलेलं असतं. उशिराची, पाणी प्यायलेली फळं आमसुलांना ठेवा, तीही ऊन मिळालं तर. नवीन झाडं लावणार असाल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता आणि कोकण हातिस या जाती जाड सालीच्या आहेत. सिरपचा सगळा व्यवहार सालीवर चालतो, त्यामुळे जाड साल म्हणजे त्याच मेहनतीत जास्त माल.

फळ पूर्ण लाल-जांभळं झालेलं असावं, पण हाताला घट्ट लागावं. हिरवट छटा असलेलं फळ घातलं तर सिरपला रंग कमी येतो आणि तुरट चव लागते. फळं अख्खी असतानाच धुवा. कापल्यावर साल धुवायची नाही, रंग आणि आंबटपणा दोन्ही पाण्याबरोबर जातात. धुतलेली फळं रोवळीत निथळू द्या, मग पडवीत स्वच्छ कापडावर एका थरात पसरा. पंख्याखाली रात्रभर राहिली तर उत्तम. फळ हातात घेतल्यावर हात ओला झाला नाही पाहिजे. या एका रात्रीसाठी लोक घाई करतात आणि नंतर ऑगस्टमध्ये त्याची किंमत मोजतात.

सकाळी फळं आडवी कापून दोन वाट्या करा, गर आणि बिया बाजूला काढा. सुरी स्टीलची हवी. लोखंड, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम किंवा जस्ताची बादली यांतलं काहीही कोकमाला लागू देऊ नका. आम्लाने धातू उतरतो, चव लोखंडी होते आणि रंग काळपट पडतो. साल वजन करूनच घ्या. पाटी किंवा डबा हे माप इथे चालत नाही, कारण दुप्पट म्हणजे वजनाने दुप्पट. १०० किलो रातांब्यांतून साधारण ४५ ते ५० किलो साल निघते.

गर फेकायचा नाही. गर-बिया मीठ घालून चोळल्या की जो रस निघतो तो आगळाला किंवा आमसुलांना पूट द्यायला जातो. बिया धुऊन खडखडीत वाळवल्या की मुठेलासाठी विकल्या जातात.

साखर बारीक दाण्याची घ्या, बाजारात तिला एस ग्रेड म्हणतात. जाड दाणा तळाशी जाऊन दोन दोन दिवस तसाच पडून राहतो, आणि तेवढा वेळ वरच्या सालीला साखर मिळत नाही. पोतं कोरडं असावं. ओल लागून गुठळ्या झालेली साखर स्वस्त मिळाली तरी नको.

पिंप खाण्याच्या पदार्थांसाठी असलेल्या प्लास्टिकचं, पांढरं किंवा निळं, पण उजेड आत न जाणारं असावं. काचेच्या बरणीत घालून उन्हात ठेवायची जुनी पद्धत आहे. उन्हाने साखर लवकर विरते हे खरं, घरापुरतं केलं तर काही बिघडत नाही. विकायला करताना मात्र मी उन्हात ठेवत नाही. मे महिन्यातली आपली खोलीच पुरेशी उबदार असते आणि उन्हात रंगाचा जो ऱ्हास सुरू होतो तो नंतर थांबवता येत नाही.

तळाला साखरेचा पातळ थर द्या. मग सालीच्या वाट्या तोंड वर करून मांडा आणि वाट्यांत साखर भरा. थरावर थर असेच जातील. शेवटच्या थरावर साखर जाड घाला, निदान दोन बोटं, म्हणजे एकही साल उघडी दिसणार नाही. पिंप तीन चतुर्थांशच भरा, ढवळायला जागा लागते. तोंडाला मलमल बांधून वर झाकण ठेवा.

पुढचे आठ दिवस सगळं लक्ष पिंपाच्या वरच्या चार बोटांवर ठेवा. साल हलकी असते, ती तरंगते. साखर जड असते, ती खाली बसते. दुसऱ्या दिवशी तुम्ही पिंपात डोकावलात तर तळाशी साखरेचा गाळ, मध्ये दाट रस आणि वर तरंगणारी साल असं दिसेल. त्या वरच्या भागात घट्टपणा सगळ्यात कमी असतो, सालीतून नुकतं सुटलेलं पाणी तिथेच असतं आणि हवाही तिथेच लागते. बुरशी आणि यीस्ट इथूनच सुरू होतात. सबंध पिंपाचं सरासरी प्रमाण ७१ असलं तरी वरचा थर दोन दिवस ५० वर राहू शकतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ, लांब दांड्याच्या स्टीलच्या किंवा स्वच्छ लाकडी उलथण्याने तळापासून वर ढवळायचं. तळाची साखर वर आणायची, नुसतं वर फिरवायचं नाही. दोन ढवळण्यांच्या मध्ये साल बुडलेली राहावी म्हणून वर चिनी मातीची किंवा स्टीलची जाड ताटली ठेवा. दगड ठेवू नका. आम्लात दगडातला चुना उतरू शकतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत साल आक्रसते, रस गडद माणकासारखा होतो. साखर पूर्ण विरायला सहा ते आठ दिवस लागतात. तळाशी उलथणं फिरवताना करकर लागली नाही की समजा झालं. साखर थोडी उरलीच तर पाणी घालून विरवण्याचा मोह टाळा, आणखी दोन दिवस ढवळा.

आता मोजायचं. माझ्या मते नवीन गटाने पहिला खर्च आकर्षक लेबलवर न करता हाताच्या रिफ्रॅक्टोमीटरवर करावा. तो थेंबभर रसावरून विरघळलेल्या घटकांचं प्रमाण टक्क्यांत दाखवतो, त्या टक्क्यांनाच ब्रिक्स म्हणतात. घेताना त्याची पट्टी पाहा. बाजारात स्वस्त मिळतो तो ० ते ३२ ब्रिक्सचा असतो, तो ताज्या रसासाठी. सिरपला ५८ ते ९० ब्रिक्सची पट्टी हवी. पिंप नीट ढवळून, मीठ घालण्याआधी, वरचा, मधला आणि तळाचा असे तीन थेंब तपासा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आणि ६८ च्या वर असले पाहिजेत. वरचा आकडा खालच्यापेक्षा चार-पाचने कमी आला तर अजून एकजीव झालेलं नाही, गाळायची घाई नको.

उपकरण येईपर्यंत वजनाने काम चालवता येतं. एक बाटली काट्यावर ठेवून शून्य करा, तिच्यात बरोबर १ किलो पाणी भरा आणि त्या पातळीला खूण करा. बाटली पूर्ण वाळवून त्याच खुणेपर्यंत सिरप भरा. वजन १ किलो ३३० ग्रॅमच्या वर आलं तर ठीक. १ किलो ३१० च्या आसपास आलं तर तुम्ही पुन्हा त्या ६५ च्या रेषेवर आहात, आणि त्या पिंपात साखर वाढवून आणखी तीन-चार दिवस ढवळावं लागेल. फेस किंवा हवेचे बुडबुडे असताना वजन करू नका, ते कमी भरतं.

गाळताना साल पिळायची नाही. चाळणीवर ओतून रात्रभर आपोआप निथळू द्या, मग तो रस दुहेरी मलमलीतून गाळा. पिळलं की दोन-तीन लिटर जास्त मिळतं, पण त्याबरोबर बारीक गर येतो आणि महिन्याभराने बाटलीच्या तळाशी चिखलासारखा थर बसतो. गिऱ्हाईक तो थर पाहून माल परत करतं. गाळलेलं सिरप एक दिवस झाकून स्थिर ठेवा आणि वरचं नितळ ओतून घ्या. निथळलेली गोड साल वाळवून वेगळी विकता येते, मुलं ती आवडीने खातात.

मीठ आणि जिरं आवडीप्रमाणे. मी लिटरला १० ते १२ ग्रॅम मीठ घालते. जिऱ्याची पूड थेट घालू नका. ती बाटलीच्या गळ्याशी कडं धरते आणि तिच्याबरोबर धूळ आणि बुरशीचे बीजाणूही येतात. जिरं चांगलं भाजून जाडसर कुटा, मलमलीची पुरचुंडी करून गाळलेल्या सिरपमध्ये दोन दिवस सोडा आणि काढून घ्या. स्वाद येतो, कण राहत नाहीत.

रक्षकाबद्दल स्पष्ट बोलू. ७० ब्रिक्सचं, इतकं आंबट सिरप घरी फ्रिजशिवाय टिकतं. पण तुमची बाटली दुकानात उघड्यावर राहणार, गिऱ्हाईक ती उघडून ओला चमचा घालणार. म्हणून विकायच्या मालात सोडियम बेन्झोएट घालावं असं मी म्हणते. नियमाची मर्यादा बेन्झोइक आम्ल म्हणून किलोला ६०० मिलिग्रॅम आहे. सोडियम बेन्झोएट किलोला ६०० मिलिग्रॅम घातलं की तुम्ही मर्यादेच्या आतच राहता, कारण त्यातलं आम्ल त्यापेक्षा कमी भरतं. ११० किलो सिरपला ६६ ग्रॅम. हे वजन ग्रॅमच्या डिजिटल काट्यावरच करा, चमच्याने नाही. पावडर सरळ आंबट सिरपमध्ये टाकली तर तिचे पांढरे खडे होऊन तळाशी बसतात. ती आधी अर्धा लिटर कोमट पाण्यात पूर्ण विरवा आणि सिरप सतत ढवळत बारीक धारेने सोडा. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, ज्याला बाजारात केएमएस म्हणतात, ते कोकमात वापरू नका. आंब्याच्या स्क्वॅशला ते चालतं, पण कोकमाचा लाल रंग त्याने फिका पडतो. आणि हे लक्षात ठेवा की बेन्झोएट पातळ सिरपला वाचवत नाही. साखरेत आणि बेन्झोएटमध्येही तग धरणाऱ्या यीस्टच्या जाती आहेत. आधी घट्टपणा, मग रक्षक.

उकळावं का, हा प्रश्न नेहमी येतो. घट्टपणा बरोबर असेल तर गरज नाही. उकळल्याने रंग तपकिरीकडे झुकतो आणि ताज्या रातांब्याचा वास जातो. गरम सिरप बाटलीत भरण्यात आणखी एक तोटा आहे. ते थंड होताना बाटलीच्या मोकळ्या भागात वाफ जमते आणि झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब सिरपवर पडतात. सगळी बाटली ७० ब्रिक्सची, पण वरचा कागदाइतका थर पातळ. तिथे बुरशीची चकती धरते. धुऊन नीट न वाळलेल्या बाटलीतही हेच होतं. पावसाळ्यात बाटल्या वाळत नाहीत, म्हणून मेच्या उन्हातच बाटल्या आणि झाकणं धुऊन वाळवून, पिशव्यांत बांधून ठेवा.

यावरून साठवणीची रीत ठरते. सगळा माल जूनमध्ये बाटल्यांत भरू नका. २० ते ३५ लिटरच्या, अरुंद तोंडाच्या, खाद्यपदार्थांसाठीच्या अपारदर्शक कॅनमध्ये गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत हवा राहणार नाही. एक मोठं पिंप ठेवलं तर प्रत्येक वेळी उघडताना सगळ्या मालाला हवा आणि ओल लागते. लहान कॅन उघडला की तो त्याच दिवशी पूर्ण बाटल्यांत जातो. झाकणं प्लास्टिकची घ्या, पत्र्याचं झाकण आम्लाने गंजतं. कॅन पत्र्याच्या छपराखाली कधीच नको. मातीच्या भिंतींची काळोखी खोली, जमिनीपासून घडवंचीवर, ही जागा चांगली. रंगाला उष्णता सगळ्यात जास्त बाधते, त्याखालोखाल उजेड आणि हवा. काचेची बाटली प्लास्टिकच्या, म्हणजे पीईटीच्या बाटलीपेक्षा रंग जास्त दिवस राखते, कारण पीईटीमधून हवा हळूहळू आत जातच असते. वाहतुकीला काच जड पडते, म्हणून दूरच्या ऑर्डरला पीईटी ठीक, पण ती विक्रीआधी महिनाभराच्या आतच भरलेली असावी. फेब्रुवारीत रंग उतरलेला दिसला म्हणून वरून लाल रंग घालू नका. रातांब्याचा रंग ओळखणारं गिऱ्हाईक आपल्याच गावातलं आहे, आणि घातलेला रंग लेबलवर लिहावाच लागतो.

प्रत्येक पिंपाला बॅच क्रमांक द्या. वहीत तारीख, सालीचं वजन, साखर, ब्रिक्स आणि बेन्झोएट लिहा. प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या विकायच्या नाहीत. एक खोलीत ठेवा, दुसरी चुलीजवळच्या उबदार जागी पंधरा दिवस ठेवा. उबेत यीस्ट लवकर बोलतं. बाटलीच्या खांद्याशी बारीक बुडबुड्यांची रांग, झाकणाला आलेला फुगा, ताडीसारखा वास, यांतलं काहीही दिसलं तर ती बॅच बाजारात जाऊ नये. फसफसलेलं सिरप उकळून परत विकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. वास जात नाही, आणि काय काय वाढून गेलं ते आपल्याला कळत नाही. तुमच्याकडे गेल्या वर्षीच्या फुगलेल्या बाटल्या अजून असतील तर त्या ओतून टाका. नुसत्या विटकरी झालेल्या, पण बुडबुडे आणि वास नसलेल्या बाटल्या मुदतीत असतील तर घरात वापरा.

लेबलवर १२ महिन्यांची मुदत लिहायची असेल तर तुमची खोलीत ठेवलेली बाटली तेवढी टिकलेली असली पाहिजे. पहिल्या वर्षी मी ९ महिनेच लिहीन. एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक, बॅच, तारीख, निव्वळ माप, शाकाहारी खूण, पत्ता आणि रक्षकाचा उल्लेख हे सगळं लागतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणजे साखर आधी आणि कोकम नंतर. उलट लिहून चालत नाही.

पैशांचा अंदाज एका पिंपावरून घ्या. भाव गावागावांत वेगळे, मी हिशेबासाठी धरते. १०० किलो रातांबे ४० रुपयांनी ४,००० रुपये, साखर १०० किलो ४५ रुपयांनी ४,५००, दोघींची दोन दिवसांची मजुरी १,६००, मीठ-जिरं वगैरे ५००. निथळून ११० ते ११५ किलो सिरप मिळतं, म्हणजे ८३ लिटरच्या आसपास. ७०० मिलिलिटरच्या ११५ बाटल्या धरा. बाटली, झाकण, लेबल, खोका मिळून ३० रुपये धरले तर ३,४५०. एकूण १४,०५०, म्हणजे बाटलीमागे १२२ रुपये, वाहतूक आणि दुकानदाराचं कमिशन सोडून. घरची फळं आणि घरची मेहनत फुकट धरून भाव ठरवू नका, नाहीतर ज्या वर्षी फळ विकत घ्यावं लागेल त्या वर्षी धंदा बंद पडेल.

इथे आणखी एक गोष्ट आहे. माल मे महिन्यात तयार होतो, पण सरबताची खरी मागणी फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत असते. मधले आठ-नऊ महिने गणपतीत येणारे चाकरमानी आणि दिवाळी-नाताळचे पर्यटक एवढीच विक्री. म्हणजे साखरेत घातलेले पैसे तितका काळ अडकतात. म्हणून गटाने पहिल्या वर्षी चार पिंपांपेक्षा जास्त करू नये. त्यातलं एक पिंप गणपतीपर्यंत, एक डिसेंबरपर्यंत आणि दोन उन्हाळ्यासाठी, अशी कॅनवर तारखेसकट चिठ्ठीच लावा. उन्हाळ्याचे दोन सगळ्यात घट्ट आणि सगळ्यात नितळ पिंपांतले निवडा.

पल्पचं म्हणाल तर त्याला साखरेचा आधार नसतो, तो टिकतो उष्णतेने आणि हवाबंद डब्याने. पिकलेला हापूस कोकमाइतका आंबट नसतो, त्यामुळे नीट तापवला गेला नाही किंवा डब्याची शिवण सैल राहिली तर नुसती चव जाऊन थांबत नाही, खाणाऱ्याला अपाय होऊ शकतो. पल्पर, डबा सील करायचं यंत्र आणि आम्लता मोजायचं साधन हाताशी नसताना तो वर्षभर विकायचा म्हणून करू नका. आसपास परवानाधारक कॅनिंगचा कारखाना असेल तर आपले आंबे देऊन मजुरीवर डबे भरून घ्या. पण तिथे साका असलेली फळं आधीच वेगळी काढलेली असावीत, कारण एक पांढरट फळ सगळ्या घाण्याची चव उतरवतं. आंबापोळी यंदा करून पाहायला हरकत नाही, तिला यंत्र लागत नाही. तिला सलग चार-पाच कडक उन्हं लागतात, म्हणून ती मेच्या पहिल्या पंधरवड्यातच घाला. रस तूप लावलेल्या ताटात पातळ ओता, पहिला थर हाताला चिकटेनासा झाल्यावरच दुसरा. मध्ये ओला थर अडकला की बाहेरून कोरडी दिसणारी पोळी पावसाळ्यात आतून काळी पडते. तयार पोळीचा एक तुकडा आडवा कापून पाहा. कडा आणि मध्य सारख्याच रंगाचे आणि सारखेच चिवट असले, तरच ती हवाबंद पिशवीत भरा.